प्रमोशनचा मेमो: वरच्यांना पटेल असा पुरावा कसा मांडावा

'अतिशय मेहनती, विश्वासू, टीमचा आधारस्तंभ.' प्रमोशनच्या पॅनलवर बसले की असे सुरू होणारे मेमो हातात येतात आणि खरं सांगायचं तर मी तो परिच्छेद सोडून सरळ खाली जाते. शेजारी बसलेलेही तेच करतात. एका बैठकीत पंधरा-वीस नावं, प्रत्येक नावाला जेमतेम दहा मिनिटं. तुमच्या माणसाला त्या खोलीत तुमच्याखेरीज बहुधा कुणी ओळखत नसतं, आणि बऱ्याचदा तुम्हीही तिथे नसता. जे काही बोलायचं ते कागदच बोलतो.

मी असे मेमो बरीच वर्षं लिहिते आहे आणि वाचतेही आहे. 'ठसठशीत विशेषणं वापरा', 'वर्षभरातली सगळी कामं मांडा', 'जितके आकडे तितकं चांगलं' हे सल्ले ऐकून आता वैताग येतो. आणि 'प्रमोशन दिलं नाही तर ती सोडून जाईल' असं सुचवायचा सल्ला तर कृपा करून विसराच. त्यातून तुमची अडचण सिद्ध होते, तिची तयारी नाही.

पॅनलला एवढंच हवं असतं: वरच्या पदाचं काम ही व्यक्ती आत्ताच करते आहे का, आणि ते तिच्यामुळेच होतंय हे तुम्हाला कशावरून कळलं?

आधी वरच्या पदाची कसोटी समोर ठेवा

कंपनीकडे लेव्हलचं वर्णन लिहिलेलं असतं. ते उघडा आणि आत्ताच्या पदात नसलेल्या, फक्त वरच्या पदात असलेल्या दोन-तीन अपेक्षा वेगळ्या काढा. मेमो तेवढ्यांवरच लिहायचा.

हे सोपं वाटतं, पण निम्मे मेमो इथेच वाया जातात. मॅनेजर आत्ताचं काम किती उत्तम चाललंय हेच लिहीत बसतो. आत्ताचं काम उत्तम असेल तर त्याचं बक्षीस रेटिंग आणि बोनस. वरचं पद म्हणजे दुसरी नोकरी. पॅनल याबाबत संशयी असतं ते उगीच नाही. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन अर्थतज्ज्ञांनी १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती. पण मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्या लोकांच्या कामगिरीत, कमी विक्री करून वर आलेल्यांच्या तुलनेत, कमी भर पडत होती. खुर्ची बदलली की लागणारं कसबही बदलतं. तेव्हा 'सलग तीन वर्षं टॉप रेटिंग' ही ओळ एकदाच लिहा आणि पुढे चला.

कच्चा माल गोळा करा

तारखा असलेले मेल, मीटिंगच्या नोंदी, आधीचे-नंतरचे आकडे, तिने लिहिलेले प्रस्ताव. एका दुपारचं काम आहे. वर्षभर टिपणं ठेवली असतील तर अर्ध्या तासाचं.

खरी अवघड जागा: टीमच्या यशातून तिचा वाटा वेगळा काढणं

इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्या हाताखाली एक सुपरवायझर होती. ग्राहकांनी परत पाठवलेल्या मालाचे पैसे परत करण्याचं काम तिची टीम बघायची. तिला ऑपरेशन्स मॅनेजर करावं अशी शिफारस मी केली. मेमोतलं मुख्य वाक्य असं होतं: 'तिच्या नेतृत्वाखाली परताव्याचा सरासरी कालावधी ११ दिवसांवरून ४ दिवसांवर आला.' आकडा खरा होता आणि मला वाटलं, आता कोण काय विचारणार.

पॅनलमधल्या एका डायरेक्टरने शांतपणे विचारलं, "याच महिन्यांत नवीन सिस्टिम आली ना? मग यात सिस्टिमचं किती आणि तिचं किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तिने खूप मेहनत घेतली' असं काहीतरी बोलले. प्रमोशन झालं नाही. दोष तिचा नव्हता, माझा होता, आणि ते तिला समोर बसवून सांगणं ही माझ्या नोकरीतली फार वाईट दुपार होती.

'नेतृत्वाखाली' हा शब्द मी तेव्हापासून मेमोत वापरत नाही. तो तुम्हीही काढून टाका. तिने काय केलं ते ठाऊक नसलं की हा शब्द आपोआप हाताला येतो. 'मोलाचा वाटा', 'पुढाकार घेतला', 'समन्वय साधला' ही त्याचीच भावंडं.

पुढच्या खेपेला मी तीच गोष्ट नव्याने लिहिली. त्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारला: ती त्या जागी नसती, दुसरी कुणी बरी सुपरवायझर असती, तर आकडा कुठे थांबला असता? याचं उत्तर हवेतून काढायचं नाही, तुलना शोधायची. आमचं सुदैव असं की तीच सिस्टिम त्याच महिन्यात दुसऱ्या एका केंद्रातही बसवली होती. तिथलाही कालावधी आधी ११ दिवसच होता. सिस्टिम आल्यावर तो ९ वर आला आणि तिथेच राहिला. म्हणजे पहिले दोन दिवस बहुधा सिस्टिमचे. ९ ते ४ या पाच दिवसांचा हिशेब मला द्यायचा होता.

मग तिच्यासोबत बसून मी त्या काळातले मेल चाळले, आणि पहिल्या मेमोत ज्याचा उल्लेखही नव्हता अशी गोष्ट हाती लागली. सिस्टिम येऊनही केसेस तुंबत आहेत हे बघून तिने अडकलेल्या २०० केसेस स्वतः उघडून वाचल्या होत्या. त्यांतल्या १३० केसेस केवळ दुसऱ्या सहीसाठी थांबल्या होत्या. त्या १३० पैकी १२७ शेवटी जशाच्या तशा मंजूर झाल्या, फक्त तीन नाकारल्या गेल्या. म्हणजे ती दुसरी सही जवळजवळ काहीच अडवत नव्हती, फक्त दिवस खात होती.

तिने प्रस्ताव मांडला: लहान रकमेला दुसरी सही नको, त्याऐवजी दर वीस केसेसमागे एक नंतर तपासू. अकाउंट्सच्या प्रमुखांनी साफ नकार दिला. त्यांच्यावर तिचा काहीच अधिकार नव्हता. तिने वाद घातला नाही, माझ्याकडे तक्रारही केली नाही. एकाच प्रकारच्या मालावर सहा आठवड्यांचा प्रयोग सुचवला आणि तो कधी बंद करायचा हेही आधीच लिहून दिलं: तपासलेल्यांत शंभरामागे दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर जुनी पद्धत लगेच परत. सहा आठवड्यांत १५० केसेस तपासल्या गेल्या, चुका निघाल्या दोन. मर्यादेच्या आत. मग अकाउंट्सनेच ती पद्धत सगळ्या मालाला लागू केली.

आता लेव्हलच्या वर्णनाशी ताडून बघा. सुपरवायझरकडून अपेक्षा असते की दिलेली प्रक्रिया नीट चालवावी. मॅनेजरकडून अपेक्षा असते की प्रक्रियाच चुकली असेल तर ते ओळखावं, अधिकार नसलेल्या विभागाला सोबत घ्यावं आणि धोका किती पत्करायचा हे ठरवावं. तिन्ही गोष्टी या एका प्रसंगात होत्या आणि मी पहिल्या मेमोत त्यांच्यावर '११ वरून ४' चा बोळा फिरवला होता. निकालाचा आकडा कितीही मोठा असला तरी माणसाची समज त्यात दिसत नाही. ती दिसते निर्णयात: समोर कोणते पर्याय होते, कोण विरोधात होतं, काय निवडलं, का निवडलं, आणि चुकलं असतं तर काय करायचं ठरवलं होतं.

म्हणून एक प्रसंग याच क्रमाने लिहा. अर्धं पान पुरतं. तारखा घाला, कारण पॅनलला हे बघायचं असतं की अडचण तिला आधी दिसली की तुम्ही दाखवल्यावर. माझ्या मेमोत मी सरळ लिहिलं: 'हा प्रस्ताव मी सुचवलेला नाही. तो मेल मला आला तेव्हा मी रजेवर होते.' या दोन वाक्यांनी पानभर कौतुकापेक्षा जास्त काम केलं.

तुलनेबद्दल एक इशारा. ती नसतेच कधी निखळ. दुसऱ्या केंद्रात त्या काळात दोन जागा रिकाम्या होत्या, तेव्हा तिथला आकडा कमी सुधारण्यामागे तेही कारण असणार. मी हे मेमोत लिहिलं आणि पाचही दिवस तिच्या खात्यावर टाकत नाही असंही लिहिलं. मॅनेजर लोक इथे घाबरतात, वाटतं की केस कमजोर होईल. पॅनलवर बसल्यावर उलटं दिसतं. त्रुटी स्वतःहून सांगणाऱ्याचे बाकीचे आकडे कुणी उकरत बसत नाही. लपवलेली त्रुटी मात्र कुणाला तरी माहीत असतेच, आणि ती नेमकी त्याच बैठकीत आठवते.

तुलनेला दुसरं केंद्र नसेल तर? तेच काम मागच्या वेळी कसं झालं होतं ते बघा, किंवा तिने हात घालण्याआधी योजना काय होती तो जुना कागद शोधा. तेही नसेल तर तिची गैरहजेरी बघा. हा पुरावा लोक विसरतात. पद्धत लागू झाल्यावर काही महिन्यांनी ती तीन आठवडे सुट्टीवर गेली. कालावधी ४ दिवसांवरच राहिला, आणि दोन विचित्र केसेस शिफ्टच्या इन्चार्जने तिने लिहून ठेवलेल्या नियमावरून स्वतः निकालात काढल्या. ज्याच्या सुट्टीत काम कोसळतं त्याला आपण कौतुकाने 'कणा' म्हणतो. मॅनेजरच्या पदासाठी ती उणीव आहे.

दुसरा प्रसंग जोडा, पण वेगळ्या जातीचा

एका प्रसंगावर पॅनल म्हणतं, जमून गेलं असेल. दुसरा प्रसंग वेगळ्या अपेक्षेचा आणि वेगळ्या काळातला हवा. निदान दोन रिव्ह्यूंच्या काळात मिळून वरच्या पातळीचं काम दिसलं पाहिजे. आमच्या केसमध्ये तो प्रसंग माणसं घडवण्याचा होता: तिच्या टीममधल्या एकाला तिने आठ महिन्यांत शिफ्टचा इन्चार्ज होण्याइतकं तयार केलं. तोच, ज्याने सुट्टीत ते दोन निर्णय घेतले. तीन-चार ओळींत संपवला. तिसरा प्रसंग मोह झाला तरी नको. कमकुवत तिसरा प्रसंग आधीच्या दोघांनाही खाली ओढतो.

साक्ष कुणाची घ्यायची

तिच्या मैत्रिणीची नको, तिने सुचवलेल्या चार नावांची नको, आणि तुमच्याच टीममधली तर नकोच. तुमच्या विभागाबाहेरची, शक्यतो ज्या पदासाठी शिफारस करताय त्या किंवा त्यावरच्या पदावरची दोन माणसं पुरेत. त्यांतला एक जण आधी विरोधात असेल तर फारच उत्तम.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. 'तिच्याबद्दल तुमचं मत काय?' असं विचारलंत की 'फार छान, सहकार्य करणारी' एवढंच हाती येतं. मी अकाउंट्सच्या प्रमुखांना विचारलं की तुम्ही आधी नाही म्हणाला होतात, मग कशामुळे बदललात? त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं मेमोत टाकलं: 'तिने मला पटवायचा प्रयत्न केलाच नाही. १३० केसेसची यादी पाठवली आणि म्हणाली, यातल्या कुठल्या तुम्ही नाकारल्या असत्या त्यावर खूण करा. मी तीनवरच खूण करू शकलो.' त्यांच्या भाषेवर हात फिरवू नका. गुळगुळीत केलेली साक्ष वाचताक्षणी कळते.

उणीव लिहा

कुठे कमी पडते हे न लिहिलेला मेमो मी अपुरा समजते. पण 'परफेक्शनिस्ट आहे', 'स्वतःवर फार ताण घेते' असली लाडिक उणीव लिहू नका, सगळ्यांना तो खेळ ठाऊक आहे.

आधी स्वतः ठरवा की उणीव नव्या पदाच्या गाभ्यात येते की कडेला. नवं पद माणसं सांभाळण्याचं आणि तिने आजवर एकही अवघड बोलणं स्वतः केलेलं नसेल, तर मेमो एक रिव्ह्यू पुढे ढकला आणि मधल्या काळात ती संधी तिला द्या. कडेची असेल तर लिहा, आणि सोबत काय व्यवस्था केली तेही. आमच्या केसमध्ये मी लिहिलं होतं की वार्षिक बजेट तिने स्वतः कधी मांडलेलं नाही; मागच्या वेळी माझ्यासोबत बसून शिकली आहे, पहिल्या वर्षी मी तपासून देईन. कुणी भुवई उंचावली नाही.

'पोटेन्शियल' हा शब्द जपून

'तिच्यात प्रचंड पोटेन्शियल आहे' हे वाक्य पुरावा नसतानाच लिहिलं जातं, आणि ते लिहिण्यात आपले पूर्वग्रह सहज शिरतात. वर उल्लेख केलेल्या तिघांनीच एका मोठ्या रिटेल साखळीतली रेटिंगं तपासली. तिथे बायकांना कामगिरीचं रेटिंग सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त मिळत होतं, पण 'पोटेन्शियल'चं कमी, आणि बढतीतल्या तफावतीचा बराच भाग तिथूनच येत होता. मी स्वतःला पाळायला सांगितलेला नियम साधा आहे: उद्या ती काय करू शकेल असं वाक्य लिहावंसं वाटलं, की त्याऐवजी ती तसलंच काही आत्ता करताना दिसली तो दिवस लिहायचा. तो दिवस आठवत नसेल तर वाक्य खोडायचं.

मांडणी

दोन पानं, त्याहून जास्त नाही. पहिल्या चार ओळींत कोणत्या पदावरून कोणत्या पदावर, आणि कुठल्या दोन-तीन अपेक्षांवर तुमचा दावा आहे. मग प्रसंग, साक्षी, उणीव. बाकीचं जोडपत्रात.

पाठवण्याआधी दोन चाचण्या

पहिली तुम्ही घरबसल्या करू शकता. तिच्या नावाच्या जागी टीममधल्या दुसऱ्या कुणाचंही नाव घाला आणि मेमो वाचा. जे वाक्य तरीही खरं वाटतं ते काढून टाका. माझ्या पहिल्या मेमोवर ही चाचणी नंतर करून पाहिली तेव्हा दीड पानातल्या सहा ओळी उरल्या.

दुसरी चाचणी: तिला अजिबात न ओळखणाऱ्या दुसऱ्या विभागाच्या मॅनेजरला मेमो द्या आणि एकच काम सांगा, जिथे 'कशावरून?' असं मनात येईल तिथे पेन्सिलने खूण करा. मत विचारू नका, कारण मत 'छान आहे' असंच येतं. आणि खुणा बघून वाद घालू नका. तुम्ही तोंडी दिलेलं स्पष्टीकरण पॅनलपर्यंत पोचणार नाही.

आणि पॅनलने 'अजून नाही' म्हटलंच, तर 'थोडा अनुभव हवा' या उत्तरावर उठू नका. कुठल्या अपेक्षेचा पुरावा कमी पडला ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मला पहिल्या वेळी मिळालेली ओळ अशी होती: 'सिस्टिमपासून वेगळा परिणाम दिसत नाही.' दुसरा मेमो मी त्याच ओळीपासून लिहायला घेतला.

तो मेमो पॅनलसमोर गेला तेव्हा परताव्याबद्दल एकही प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो भलताच: "ती वर गेल्यावर तिच्या खुर्चीत कोण?" उत्तर मला तोंडपाठ होतं, तोच शिफ्टचा इन्चार्ज. पण कागदावर ते नव्हतं, आणि दहापैकी चार मिनिटं त्यावर गेली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेमोची शेवटची ओळ तीच असते: जागा कोण घेणार, आणि कधीपासून.